केसांची गोळी आणि थायरॉईडचा रिपोर्ट

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. सभेत विचारलेले प्रश्न शेवटी दिले आहेत.)



बँक लिंकेजचा आणि ऑडिटचा विषय झाला. आता अर्धा तास आरोग्याच्या विषयाला द्या. गेल्या काही महिन्यांत गटाच्या बैठकीला गेलं की हप्ते गोळा झाल्यावर कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, "मॅडम, केस फार गळतायत, ती बायोटिनची गोळी घेऊ का?" कोणी मेडिकलमधून आणलेली असते, कोणी मुलीच्या मोबाईलवरून मागवलेली असते. महिन्याला तीनशे-चारशे रुपये त्यात जातात. आपल्यातल्या बऱ्याच जणींची गटातली महिन्याची बचत त्याहून कमी आहे.

म्हणून आज दोनच गोष्टी बोलणार आहे. एक, या गोळीने केस खरंच वाढतात का? आणि दोन, ही गोळी चालू असताना रक्त तपासलं तर रिपोर्टचं काय होतं? पहिली गोष्ट पैशाची आहे. दुसरी जिवाला लागणारी आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नाही.

बायोटिन म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व. त्याला बी-७ म्हणतात, जुन्या पुस्तकांत व्हिटॅमिन एच असंही नाव सापडतं. आपल्या शरीराला ते लागतं, पण किती? दिवसाला साधारण ३० ते ४० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. एका उकडलेल्या अंड्यातून यातलं साधारण १० मायक्रोग्रॅम मिळतं. शेंगदाणे, सोयाबीन, रताळं, डाळी यांतूनही थोडंथोडं मिळत राहतं. त्यामुळे दोन वेळचं साधं जेवण जेवणाऱ्या बाईला बायोटिन कमी पडणं फार दुर्मीळ आहे.

आता गोळीच्या पाकिटाकडे बघा. केसांसाठीच्या गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे अडीचशे-तीनशे दिवसांची गरज आपण एका सकाळी गिळतो. शरीर ते साठवून ठेवत नाही. लागेल तेवढं घेतं आणि उरलेलं लघवीवाटे बाहेर टाकतं. पण बाहेर जाईपर्यंत ते रक्तात फिरत असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग केस वाढतात का? ज्याच्या शरीरात बायोटिन खरंच कमी आहे, त्याचे केस गळतात आणि बायोटिन दिल्यावर परत येतात. हे खरं आहे. पण असे लोक कोण? काही बाळांना जन्मजात आजार असतो, त्यांच्या शरीराला बायोटिन नीट वापरता येत नाही. काही जण फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत असतात. काही जण महिनोन्‌महिने कच्चं अंडं खातात. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात एक प्रथिन असतं, ॲव्हिडिन नावाचं. ते बायोटिनला इतकं घट्ट धरतं की आतडं ते शोषून घेऊ शकत नाही. अंडं शिजवलं की ही पकड सुटते.

२०१७ साली अमेरिकेतल्या त्वचारोग डॉक्टरांनी जगभरातल्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. बायोटिनने केस किंवा नखं सुधारल्याची १८ प्रकरणं त्यांना सापडली. त्या सगळ्या रुग्णांना आधीपासूनच काहीतरी आजार होता. चांगल्या तब्येतीच्या माणसाला बायोटिन दिलं आणि केस वाढले, असा पक्का पुरावा त्यांना मिळाला नाही.

आता कोणीतरी म्हणेल, "पण मॅडम, माझ्या जावेला तर फरक पडला." पडला असेल. पण कशाने पडला ते बघू. बाळंतपण, टायफॉईड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठभर गळायला लागतात. शरीराला झटका बसला की बरेचसे केस एकदम विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी ते एकदमच गळतात. मुळं मेलेली नसतात. पुढच्या काही महिन्यांत गळती आपोआप थांबते आणि नवीन केस येतात. आपण गोळी कधी सुरू करतो? गळती सगळ्यात जास्त असते तेव्हा. म्हणजे ती कमी व्हायची वेळ आलेलीच असते. गळती थांबते तिच्या वेळेने आणि नाव होतं गोळीचं.

जिची गळती सहा महिन्यांनंतरही थांबत नाही, तिचं कारण शोधायला हवं. आपल्या बायकांत दोन कारणं वारंवार दिसतात. एक म्हणजे अंगात लोह कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या फेरीत, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. दुसरं कारण म्हणजे थायरॉईड कमी काम करणं. दोन्हीचा पत्ता रक्त तपासल्यावर लागतो. आणि इथेच ही गोळी आडवी येते.

थायरॉईडची तपासणी मशीनमध्ये कशी होते ते सोप्या भाषेत सांगते. रिपोर्टवर टीएसएच लिहिलेलं असतं. डोक्यातली एक ग्रंथी टीएसएच सोडते आणि गळ्यातल्या थायरॉईडला सांगते, "काम कर." थायरॉईड सुस्त पडली की हुकूम वाढतो, म्हणून टीएसएच वाढतं. थायरॉईड जास्त काम करायला लागली की हुकूम थांबतो आणि टीएसएच खाली येतं. मोठ्या माणसात साधारण ०.४ ते ४-५ च्या मध्ये असलं की ठीक धरतात.

हे टीएसएच रक्तात अगदी थोडं असतं, ते मोजायचं कसं? समजा भिंतीवर खूप खुंट्या ठोकल्यात. आपल्याकडे पिशव्या आहेत. पिशवीला कडी आहे, पिशवीत टीएसएच अडकतं आणि टीएसएचला बाहेरून एक बारीक दिवा चिकटवलाय. पिशवी कडीने खुंटीवर टांगायची, मग सगळं पाण्याने धुऊन काढायचं. जे खुंटीवर टांगलेलं तेवढंच उरतं. मशीन दिव्यांचा उजेड मोजतं. उजेड जास्त म्हणजे टीएसएच जास्त, उजेड कमी म्हणजे टीएसएच कमी.

आता गंमत अशी की अनेक मशीनमध्ये ही कडी बायोटिनचीच बनवलेली असते. आणि खुंटी असते स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रथिनाची. मघाशी कच्च्या अंड्यातलं ॲव्हिडिन सांगितलं ना, त्याचीच ही जातभाई, जिवाणूपासून मिळणारी. दोघींची बायोटिनवरची पकड विलक्षण घट्ट असते, म्हणून तर ती मशीनसाठी निवडली.

जेवणातून येणाऱ्या बायोटिनने काही बिघडत नाही, ते फार थोडं असतं. पण सकाळी १० मिलिग्रॅमची गोळी घेऊन बाई रक्त द्यायला गेली, तर तिच्या रक्तात मोकळ्या कड्याच कड्या फिरत असतात. नळीत गेल्यावर या रिकाम्या कड्या आधीच खुंट्या अडवून बसतात. पिशव्यांना जागा उरत नाही. धुताना पिशव्या दिव्यांसकट वाहून जातात. उजेड कमी पडतो आणि मशीन लिहितं, "टीएसएच कमी." रक्तात टीएसएच भरपूर आहे, पण ते टांगायला जागा नव्हती.

त्याच रिपोर्टवर फ्री टी-फोर असतं, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन. ते मोजायची पद्धत बहुतेक वेळा उलट्या हिशेबाची असते. तिथे उजेड जितका कमी, तितकं हार्मोन जास्त, असं मशीनला शिकवलेलं असतं. त्यामुळे खुंट्या अडल्या आणि उजेड कमी झाला की टी-फोर खोटंच जास्त दिसतं. आता दोन्ही एकत्र वाचा. टीएसएच कमी, टी-फोर जास्त. कुठलाही डॉक्टर हा कागद बघून म्हणेल, थायरॉईड जास्त काम करतेय. दोन्ही आकडे एकमेकांना साक्ष देतात, म्हणून संशयही येत नाही.

२०१७ सालीच अमेरिकेत सहा निरोगी माणसांना सात दिवस रोज १० मिलिग्रॅम बायोटिन देऊन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर त्यांचं रक्त तपासलं होतं. एका मशीनवर टीएसएच ९० टक्क्यांहून जास्त घसरलेलं दिसलं. दुसऱ्या एका मशीनवर घसरण त्याहून कमी होती. ज्या मशीनमध्ये ही कडी-खुंटीची पद्धत नव्हती, तिथे फरक पडला नाही. माणसं तीच, थायरॉईड तशीच, फक्त मशीन वेगळं. त्यामुळे तालुक्याच्या लॅबचा आणि जिल्ह्याच्या लॅबचा रिपोर्ट जुळला नाही, तर लगेच "लॅबवाल्याने चुकवलं" म्हणू नका. आधी आपण काय गिळलं होतं ते आठवा.

आता एक उदाहरण धरू. ही बाई खरी नाही, हिशेब समजावा म्हणून घेतेय. तिला लताताई म्हणू. वय ३८. तीन वर्षांपासून थायरॉईड कमी आहे, रोज सकाळी उपाशीपोटी ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉईडची गोळी घेते. अलीकडे तिला पुन्हा थकवा येतो, अंग जड वाटतं, पोट साफ होत नाही, सगळ्यांना उकडतं तेव्हा हिला गार वाटतं, आणि केस गळतात. खरी गोष्ट अशी आहे की तिला औषधाचा डोस कमी पडतोय. तिचं खरं टीएसएच आहे ९.

लताताई केसांसाठी १० मिलिग्रॅमची बायोटिनची गोळी सुरू करते. पंधरा दिवसांनी तपासणीला जाते. सकाळी ७ वाजता दोन्ही गोळ्या घेते, ९ वाजता रक्त देते. रिपोर्ट येतो, टीएसएच ०.३, टी-फोर वरच्या बाजूला. डॉक्टर कागद बघून म्हणतात, डोस जास्त होतोय, आणि ७५ ची गोळी ५० ची करतात. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. बायोटिनचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "दुसरं औषध चालू आहे का?" असं विचारलं तेव्हा लताताई "नाही" म्हणाली. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, ती केसांची गोळी होती.

पुढचे दोन महिने काय होतं? आधीच कमी पडणारं औषध आणखी कमी झालं. थकवा वाढला, वजन वाढलं, केस आणखी गळायला लागले. मग लताताई काय करते? बायोटिनची दुसरी गोळी वाढवते! ज्या आजारामुळे केस गळतायत तोच आजार ही गोळी रिपोर्टमध्ये झाकून ठेवते, आणि गळती वाढली म्हणून आपण तीच गोळी वाढवतो.

यात आणखी एक बारकी गोष्ट आहे. समजा दुसऱ्या मशीनवर ९ चं टीएसएच ४ दिसलं. हा तर अगदी "नॉर्मल" रिपोर्ट! डॉक्टर म्हणतील सगळं ठीक आहे, आणि लताताईला वाटेल हा थकवा आपल्या मनाचाच खेळ आहे. ०.३ बघून निदान कोणाला तरी प्रश्न पडू शकतो, ४ बघून कोणालाच पडणार नाही. आणि लताताईच्या जागी गरोदर मुलगी असेल तर? पहिल्या महिन्यांत पोटातलं बाळ आईच्याच थायरॉईड हार्मोनवर अवलंबून असतं. तिथे औषध कमी पडणं म्हणजे बाळालाच कमी पडणं.

मग ओळखायचं कसं? कागद काय म्हणतो आणि अंग काय म्हणतं ते समोरासमोर ठेवायचं. थायरॉईड खरंच जास्त असेल तर छाती धडधडते, हात थरथरतात, भूक असून वजन उतरतं, घाम येतो, सारखं शौचाला लागतं. थायरॉईड कमी असेल तर सगळं मंद होतं, म्हणजे सुस्ती, बद्धकोष्ठता, थंडी, कोरडी कातडी. कागद म्हणतोय जास्त आणि अंग म्हणतंय मंद, असं झालं तर डोस बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, "मी बायोटिन घेते. ते बंद करून परत तपासू का?" हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही.

आता करायचं काय ते सांगते, तीनच कामं आहेत.

पहिलं, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं काढा आणि मागची बाजू वाचा. केस-त्वचा-नखं असं लिहिलेल्या गोळ्या, गोड चघळायच्या गोळ्या, पावडरी, सगळं बघा. इंग्रजीत बी, आय, ओ, टी, आय, एन अशी अक्षरं शोधा. पुढे आकडा असतो. एम-सी-जी म्हणजे मायक्रोग्रॅम, एम-जी म्हणजे मिलिग्रॅम. ३० किंवा १०० एम-सी-जी असेल तर तेवढ्याने रिपोर्ट बिघडत नाही. ५,००० किंवा १०,००० एम-सी-जी, म्हणजेच ५ किंवा १० एम-जी असेल, तर सावध व्हा. वाचता आलं नाही तर सीआरपी ताईला दाखवा.

दुसरं, रक्त द्यायच्या आधी ती गोळी बंद ठेवा. अमेरिकेतल्या थायरॉईड डॉक्टरांची संघटना तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा म्हणते. आपण तीन दिवस धरू, म्हणजे हिशेब सोपा. सोमवारी रक्त द्यायचं तर गुरुवारी शेवटची गोळी. ज्यांची किडनी नीट काम करत नाही त्यांच्या शरीरातून बायोटिन सावकाश बाहेर पडतं, त्यांनी किती दिवस ते डॉक्टरांनाच विचारावं. आणि एक नीट ऐका: बंद करायची ती बायोटिनची गोळी, थायरॉईडची नाही. थायरॉईडची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवायची.

तिसरं, डॉक्टर आणि लॅबवाला दोघांनाही पाकीट दाखवा. नाव लक्षात राहत नाही, म्हणून पाकीटच पिशवीत टाका.

थायरॉईडशिवाय दुसऱ्या तपासण्याही यात येतात. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन काही मशीनवर खोटं कमी दिसू शकतं. बी-१२ आणि व्हिटॅमिन डी खोटं जास्त दिसू शकतं, म्हणजे कमतरता असून कळत नाही. पण आपली नेहमीची हिमोग्लोबिनची तपासणी आणि रक्तातली साखर वेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यांना ही अडचण नाही.

शेवटी एका तपासणीचं नाव मुद्दाम सांगते, ट्रोपोनिन. छातीत दुखलं की हृदयाचा झटका आहे का ते बघायला ही करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २८ नोव्हेंबर २०१७ ला डॉक्टरांना सावध केलं होतं, की जास्त बायोटिन घेणाऱ्या रुग्णाचं ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अशा एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंदही त्यांनी त्यात दिली होती. छातीत दुखताना तीन दिवस थांबायचं नसतं, तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा. पण सोबत जाणाऱ्याने तिथे पोचताच सांगायचं, "ही बायोटिनची गोळी घेते." मग डॉक्टर एका आकड्यावर विसंबणार नाहीत, ईसीजी आणि बाकीच्या गोष्टी बघून ठरवतील. म्हणून आपण कोणती गोळी घेतो हे घरात आणखी एका माणसाला माहीत असू द्या.

सभेत विचारलेले प्रश्न

"माझ्या नातवाला डॉक्टरांनीच बायोटिन दिलंय, बंद करू का?"
अजिबात नाही. जन्मजात आजारात बायोटिन हेच औषध असतं आणि ते बंद करणं धोक्याचं आहे. तपासणीच्या वेळी फक्त सांगा, डॉक्टर मार्ग काढतील.

"मागच्या महिन्यात रिपोर्ट काढला तेव्हा गोळी चालू होती. आता तो वाया गेला का?"
वाया गेला असं नाही. त्या लॅबच्या मशीनला कदाचित फरक पडतही नसेल, आणि हल्ली काही कंपन्यांनी आपल्या तपासण्यांत सुधारणाही केली आहे. पण त्या रिपोर्टवरून तुमचा डोस बदलला असेल, तर डॉक्टरांना भेटून गोळीचं सांगा आणि ती तीन दिवस बंद ठेवून पुन्हा तपासा. तोवर स्वतःच्या मनाने डोस वाढवू किंवा कमी करू नका.

"मग केसांसाठी काय करू?"
आधी कारण शोधा. गेल्या तीन-चार महिन्यांत बाळंतपण, मोठा ताप किंवा ऑपरेशन झालं होतं का ते आठवा. झालं असेल तर थोडे महिने वाट बघा. दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात, तेवढ्याने घाबरू नका. त्याहून जास्त गळत असतील आणि थांबत नसतील, तर हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासा. महिन्याच्या गोळीच्या पैशात बहुतेक ठिकाणी एक तपासणी होऊन जाते. फक्त रक्त द्यायच्या तीन दिवस आधी ती गोळी बंद ठेवायला विसरू नका.